अलार्म वाजला नाही

त्या दिवसांत माझा फोन टेबलावर ठेवला की थरथरत थरथरत कडेपर्यंत सरकायचा आणि मी तो न बघताच मागे ओढायची. शेजारच्या टेबलावरचे अकाउंटंट हसायचे. मला हसू येत नव्हतं. दर थरथरीमागे कुठेतरी काहीतरी घडलेलं असायचं आणि ते सगळ्यात आधी मलाच कळायचं. मला ते नको होतं.

आमचा औषधांचा ठोक व्यापार. ऑफिस रायपुरात समता कॉलोनीत, गोदाम शहराबाहेर बिलासपूर रस्त्याला. गोदामाच्या आत एक थंड खोली, म्हणजे माणूस आत शिरून फिरू शकेल एवढा फ्रीज. इन्सुलिन, लसी, असली औषधं त्यात दोन ते आठ अंशांच्या मधे ठेवायची. मी तिथे सिस्टम बघायची. सिस्टम म्हणजे काय, हे मालकांनी कधी नीट सांगितलं नाही. बिलं, साठा, ऑर्डरी, थंड खोलीचं तापमान, प्रिंटरमधला कागद, सगळं सिस्टम. आणि सिस्टम म्हणजे दीदी, म्हणजे मी. मालक माझ्याहून लहान, पण आम्ही सगळे त्यांना भैया म्हणायचो.

आधीची व्यवस्था कंटाळवाणी होती. सॉफ्टवेअर दर पंधरा मिनिटांनी थंड खोलीतल्या सेन्सरला विचारायचं, किती? सेन्सर सांगायचा, पाच. लिहून ठेवायचं. पुन्हा पंधरा मिनिटांनी तेच. कोणाला त्यात रस नव्हता. पानंच्या पानं पाच, पाच, साडेपाच. ऑर्डरींचंही तसंच. केमिस्ट आपल्या फोनवरून ऑर्डर टाकायचे आणि आमचं सॉफ्टवेअर ठरलेल्या वेळी जाऊन बघायचं, काही आलंय का. बहुतेक वेळा काही आलेलं नसायचं, आणि जे यायचं ते नेमकं बघून झाल्यावर यायचं. एकदा एका दवाखान्याची तातडीची ऑर्डर अशीच पडून राहिली. दवाखाना आमच्या ऑफिसातून दिसतो. डॉक्टरांचा माणूस चालत येऊन भैयांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, मीच घेऊन जातो, तुमचं कम्प्युटर उठेपर्यंत थांबवत नाही. भैयांना ते लागलं.

त्यांचं लागणं बरोबरच होतं. ऑर्डर ही वाट बघायची गोष्ट नाही. ती कधी येईल हे ठाऊक नसतं, पण आली की लगेच हात लावावा लागतो. तिथे मधूनमधून जाऊन डोकावणं मूर्खपणाचं आहे, तिनेच येऊन दार वाजवलं पाहिजे. थंड खोलीच्या दाराचंही तसंच. कोणी दार उघडं टाकून चहाला गेला आणि पंधरा मिनिटांच्या आत परत येऊन लावलं, तर आमच्या नोंदीत ते घडलंच नाही. हे मी स्वतःच भैयांना सांगितलं होतं.

त्यांनी एका नव्या माणसाला काम दिलं. तो बोलायला गोड, इस्त्रीचा शर्ट, लॅपटॉप उघडताना बांगडी फुटू नये तसा जपून उघडायचा. त्याने सांगितलं, आता विचारायचंच नाही. घडलं की कळेल. त्याच क्षणी. भैया खूश. ऑर्डरींना तो प्रकार लागू झाला आणि खरंच फरक पडला. केमिस्टने बटण दाबलं की इकडे पर्ची निघायची. तिथे थांबायला हवं होतं. पण भैयांना एखादी गोष्ट आवडली की ती सगळ्यावर लावायची, लग्नात एकच अत्तर सगळ्या पाहुण्यांना लावतात तशी. बिल झालं, कळवा. साठा हलला, कळवा. दार उघडलं, कळवा. दार लागलं, तेही कळवा. आणि कोणाला कळवा, तर दीदीला.

मी आंघोळीला जाताना फोन खिडकीत ठेवायची. जेवताना ताटाशेजारी. रिक्षात बसले की हातात. एक गोळ्यांची पट्टी गोदामाच्या या कपाटातून त्या कपाटात गेली तरी मला हलवून सांगितलं जायचं, आणि त्या शंभर फालतू निरोपांत एखादा कामाचा असणार या धास्तीने मी एकही सोडू शकत नव्हते. बंद केला तर नोकरी, चालू ठेवला तर डोकं. नवरा बालाघाटला बदलीवर, मूल नाही, आई ब्राह्मणपाऱ्यात एकटी. कुठे पळून जायचं म्हटलं तरी दुसऱ्या नोकऱ्या सगळ्या नव्या रायपुरात. तिथली बस मिळेपर्यंत आईची जेवणाची वेळ होऊन जाते. मी बांधलेली होते आणि दोरीचं दुसरं टोक खिशात घेऊन हिंडत होते.

साठ्याची मोजणी रोज संध्याकाळी एकदा पुरते, हे मी सांगून बघितलं. कोणत्या औषधाची मुदत संपत आली ते आठवड्यातून एकदा पाहिलं तरी चालतं. तारीख काही पळत येत नाही. भैया म्हणाले, "लाइव होना चाहिए दीदी, सब कुछ लाइव." ज्या कंपनीकडून माल यायचा तिच्या दरांचंही लाइव्ह हवं होतं. पण ती कंपनी आमच्यासाठी दार वाजवायला बसलेली नव्हती, तिचे दर सकाळी एकदा बदलायचे आणि जाऊनच बघावे लागायचे. मग त्या गोड माणसाने दर मिनिटाला जाऊन विचारायची सोय केली. दर मिनिटाला! दिवसातून एकदा बदलणारी गोष्ट! कंपनीच्या यंत्रणेला वाटलं कोणीतरी हल्ला करून राहिलंय, तिने आमचं खातंच बंद केलं. एक अख्खी सकाळ आम्हाला त्यांच्याकडे मालही मागवता आला नाही. भैया माझ्याकडे बघून म्हणाले, "देखिए क्या हो गया." जसं काही मीच विचारत बसले होते.

त्यानंतर त्यांनी फालतू निरोप कमी करायचं ठरवलं. मी देवाचे आभार मानले. दार, साठा, बिलं यांतलं बरंचसं बंद झालं. आणि त्याच बैठकीत त्यांची नजर एका निरोपावर पडली. थंड खोलीच्या भिंतीवर एक छोटा डबा होता. सेन्सरच्या तारा त्यात जायच्या आणि त्यातल्या सिमवरून तो निरोप पाठवायचा. तापमान आठच्या वर गेलं की तो ओरडायचा. पण त्याशिवाय दर पंधरा मिनिटांनी तो नुसतंच म्हणायचा, ठीक आहे. आकडा आणि ठीक आहे.

"ये क्यों भेजता है?" भैयांनी विचारलं. "जब ठीक है तो बताना क्यों?"

मी म्हटलं, "भैया, तो ठीक असल्याचं सांगत नाही. तो जिवंत असल्याचं सांगतो. हे बंद केलं तर उद्या तो गप्प बसला तेव्हा सगळं ठीक आहे म्हणून गप्प आहे की मेलाय म्हणून गप्प आहे, कसं कळणार?"

हे मी हिंदीतच बोलले होते, आणि बरं बोलले होते असं मला वाटलं. गोड माणूसही मान हलवत होता. भैया हसले. "आप बहुत टेंशन लेती हैं. खराब होगा तो चिल्लाएगा ना." आणि गोड माणसाची मान तिथल्या तिथे दुसऱ्या दिशेने हलायला लागली. डब्याचं ‘ठीक आहे’ बंद झालं. नोंदीसुद्धा बंद, कारण नोंद आता त्या निरोपातूनच व्हायची. आता थंड खोलीच्या कागदावर फक्त बिघाड लिहिला जाणार होता. बिघाड नाही तर कागद कोरा.

फोन शांत झाला. मला चोरीचं सुख मिळाल्यासारखं झालं. एका शनिवारी आईकडे जाऊन चक्क दुपारची झोपले.

मग ते मे महिन्यातले दिवस आले, रायपुरात रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं ते. एका सोमवारी सकाळी मी गोदामावर गेले. इन्सुलिनचे खोके व्हॅनमधे भरून झाले होते. जायच्या आधी सॉफ्टवेअरमधे थंड खोली ठीक असल्याची खूण लागते. पूर्वी ती मी नोंदी बघून लावायची. आता अलार्म नसेल तर ती आपोआप लागायची, आणि लागलेली होती. हिरवीगार. आतलं तापमान पाच.

मी परत वळणार तेवढ्यात त्या डब्याकडे लक्ष गेलं. त्याचं घड्याळ चुकीची वेळ दाखवत होतं. वीज गेली की ते असं करतं. गेटवरच्या गार्डला विचारलं, काल लाइट गेली होती का?

"गे रिहिस दीदी," तो म्हणाला. "फेर आ गे." गेली होती, मग आली.

"किती वेळ?"

"थोरकिन." म्हणजे थोडा वेळ. रविवारी दुपारी गेटवरच्या पत्र्याखाली बसलेल्या माणसाचा थोडा वेळ केवढा असतो, हे तोही सांगू शकत नव्हता.

मी जनरेटरपाशी गेले. वीज गेली की ते आपोआप सुरू व्हायला हवं होतं. बटण दाबलं तर नुसतं टक वाजलं, बॅटरीच उतरलेली. मग मी डबा उघडून बघितला. त्याची आतली बॅटरी फुगून बसली होती. वीज गेली, खोलीचं यंत्र थांबलं आणि ओरडायचं ज्याचं काम होतं तोही त्याच क्षणी मेला. वीज आली तेव्हा तो उठला. पण त्याला शिकवलेलं काय, तर आकडा आठची रेघ ओलांडेल तेव्हा ओरड. तो उठायच्या आधीच आकडा रेघेपलीकडे गेलेला असेल, तर त्याच्या डोळ्यांसमोर कोणी ओलांडलंच नाही. मग खोली हळूहळू गार झाली, आणि सकाळी पाच. काही झालंच नव्हतं.

किंवा खरंच काही झालं नव्हतं. तेच तर. दोन्ही गोष्टी त्या कोऱ्या कागदावर अगदी सारख्याच दिसत होत्या.

गोदामाला नवा मीटर बसवला होता, तो तासातासाचा वापर आपण होऊन टिपतो. त्याला ना इन्सुलिन ठाऊक ना अलार्म, विजेच्या कंपनीने त्याला ठरलेल्या वेळी आकडा लिहायला बसवलंय आणि तो लिहितो. वीज नसली तर वापर शून्य. मी फोनवर तो काढला. रविवारची दुपार चढत होती तोवर आकडे होते. मग शून्य. खाली शून्य. त्याखाली शून्य. ऊन उतरेपर्यंत शून्यच. मी तिथेच रिकाम्या खोक्यांवर बसले आणि रडू येईल की काय असं वाटलं, भीतीने नाही, रागाने. गार्डचा थोडा वेळ!

व्हॅनवाला हॉर्न वाजवत होता. त्याच्या फेरीत पहिलं दुकान ब्राह्मणपाऱ्यातलं. त्या दुकानातून माझी आई इन्सुलिन घेते. सकाळीच तिचा फोन आला होता, "माही दवाई सरली वं, आज आनतो." उन्हात तापलेलं इन्सुलिन दिसायला जसंच्या तसं असू शकतं. काच तशीच, पाण्यासारखं स्वच्छ. फक्त ते काम कमी करतं, आणि साखर वाढली की माणसाला वाटतं आपणच काल काहीतरी जास्त खाल्लं. माझी आई तर नक्की स्वतःलाच दोष देणार. व्हॅन दुसऱ्या रस्त्याला जात असती तरी मी थांबवली असती, असं मला म्हणायचं आहे. थांबवलीच असती. पण इतक्या घाईने नाही.

मी सॉफ्टवेअरमधे तो माल रोखला आणि भैयांना फोन केला. ते गाडी घेऊन स्वतः आले.

थंड खोलीच्या बाहेरच्या अरुंद जागेत आम्ही उभे होतो. मागे व्हॅन, पुढे भैया, पाठीला गार दार. बाजूला सरकायलाही जागा नव्हती.

"अलार्म आया?"

"नाही आला."

"तो फिर?"

"डबा बंद होता भैया. कसा येणार?"

"आपको पक्का पता है तापमान आठ के ऊपर गया?"

"नाही."

"तो फिर?"

मी मीटरची शून्यं दाखवली. ते म्हणाले, हा विजेचा हिशेब आहे, तापमानाचा नाही, खोलीच्या भिंती जाड आहेत, गारवा टिकतो. मी विचारलं, किती तास टिकतो? आम्ही दोघंही तिथे वर्षानुवर्षं काम करत होतो आणि बंद पडलेली खोली किती वेळ गार राहते हे कोणी कधी मोजलं नव्हतं.

"दीदी, आप के पास भी तो कोई प्रूफ नहीं है," ते जरा हळू म्हणाले. खरं बोलत होते. त्यातच मी सापडले होते. बिघडलं हे मी दाखवू शकत नव्हते, आणि न बिघडलेलं दाखवायचं काम आमचं आहे हे त्यांना पटत नव्हतं. जुन्या पाचपाच-साडेपाचच्या पानांत त्या दुपारची जागा रिकामी दिसली असती, आणि तेवढ्यावर माल अडला असता, वाद न होता. रिकामी जागा दिसायला सुद्धा आजूबाजूला काही लिहिलेलं असावं लागतं.

"मग आपण दोघांनी ठरवायचंच नाही," मी म्हटलं. "ज्यांनी बनवलं त्यांना विचारू."

नियम तोच आहे. तापमानाची शंका आली की माल बाजूला ठेवायचा आणि बनवणाऱ्या कंपनीला कळवायचं. ते त्यांनाही ठाऊक होतं, आणि एकदा कळवलं की माल विकता येत नाही हेही. "रुकिए, शाम को बात करते हैं," ते म्हणाले आणि व्हॅनवाल्याकडे वळले. संध्याकाळपर्यंत व्हॅन माल वाटून परतही आली असती. त्यांची पाठ होती तेवढ्यात मी फोनवरून कंपनीच्या गुणवत्ता विभागाला मेल लिहिला: वीज इतके तास नव्हती, तापमानाची नोंद नाही, माल रोखला आहे, पुढे काय करायचं. मीटरचा फोटो जोडला, एक प्रत भैयांना टाकली आणि पाठवून दिला. त्यांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी उघडून वाचला. इतकं लवकर काही कळल्याचा त्यांना पहिल्यांदाच आनंद झाला नाही.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. व्हॅनवाल्याला म्हणाले, "उतार लो," आणि गाडीत बसून गेले.

दोन दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. नोंदीअभावी माल वापरण्यायोग्य मानता येत नाही, नष्ट करावा. आईने मधल्या वेळेत मेडिकल कॉलेजजवळच्या दुकानातून दवाई आणली आणि एवढ्या लांब का पाठवलं म्हणून मला बोलली. मी ऐकून घेतलं. मला बरं वाटत होतं, आणि घाबरलेही होते.

भैयांनी मला काढलं नाही. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि शांतपणे सांगितलं, "आपको मशीन पे भरोसा नहीं है ना. तो अब आप ही पूछिए." दर तासाला, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, रविवारीसुद्धा, मी थंड खोलीचा आकडा फोनवर उघडायचा, त्याचा फोटो काढायचा आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचा. खाली लिहायचं, ठीक आहे.

मी म्हटलं, भैया, हे डबा करत होता. एक टिकमार्क परत लावा, नवी बॅटरी घाला. तो आपण होऊन सांगत राहील, आणि सांगायचा थांबला तर सॉफ्टवेअरनेच ओरडावं, अशी सोय अर्ध्या तासात होते. ठरलेल्या वेळी विचारणं आणि घडलं की ओरडणं, थंड खोलीला दोन्ही लागतं. माणूस कशाला त्यात?

"करवा लेंगे," ते म्हणाले. "तब तक आप."

तब तक अजून संपलेलं नाही. जनरेटरला नवी बॅटरी आली, डब्याला आली, गोड माणसाचा फोन लागत नाही. मी नोकरी सोडीन असं रोज म्हणते आणि तास भरला की फोन उघडते. न उघडून कसं चालेल? त्या खोलीवर आता खरोखरच दुसरं कोणी लक्ष ठेवत नाही. मी विचारलं नाही तर कोणी विचारणार नाही, हे भैयांना माझ्याइतकंच ठाऊक आहे, आणि मला त्यांचा सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा येतो.

परवा रविवारी आईकडे जेवायला बसले होते. तिने सुई घेतली, वाटी पुढे सरकवली, आणि तास भरला म्हणून माझा फोन वाजला. मी उष्टा हात तसाच ठेवून डाव्या हाताने आकडा उघडला, फोटो काढला, टाकला. आई बघत राहिली.

"काहून वं," ती म्हणाली, "घास तं गिळ. कोन मरून राहिलं तिकडं?"

"कोणी नाही आई," मी म्हटलं. "तेच कळवून राहिली."